दहावीचा निकाल: शेवटच्या पेपरपासून पडताळलेल्या गुणपत्रिकेपर्यंत

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या परीक्षेचा शेवटचा पेपर २०२५ साली १७ मार्चला झाला आणि निकाल १३ मे रोजी लागला. मधले अंतर ५७ दिवसांचे. त्याआधीच्या वर्षी, २०२४ मध्ये, परीक्षा २६ मार्चला संपली आणि निकाल २७ मे रोजी आला, म्हणजे ६२ दिवस लागले. २०२३ मध्ये २५ मार्च ते २ जून असे ६९ दिवस गेले. निकाल कधी लागणार याचा अंदाज घ्यायचा असेल तर हीच रीत सर्वांत भरवशाची. शेवटच्या लेखी पेपरची तारीख घ्यावी आणि तिथून आठ ते दहा आठवडे मोजावेत. एप्रिल उजाडला की समाजमाध्यमांवर ‘उद्या निकाल’ असे निरोप फिरू लागतात. त्यांतली तारीख या हिशोबात बसत नसेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. खरी तारीख मंडळ स्वतःच्या प्रकटनाने जाहीर करते, तीही बहुधा निकालाच्या एकदोन दिवस आधी.

२०२५ चा निकाल मेच्या पहिल्या पंधरवड्यात आला तेव्हा मंडळाने तपासणीचा वेग दुप्पट केला, असा अनेकांचा समज झाला. प्रत्यक्षात त्या वर्षी परीक्षाच लवकर घेतली होती. २०२४ मध्ये दहावीचा पहिला पेपर १ मार्चला होता, २०२५ मध्ये तो २१ फेब्रुवारीला झाला. तपासणीचे दिवस थोडे कमी झाले हे खरे, पण निकाल अलीकडे येण्याचे मुख्य कारण वेळापत्रक होते. अकरावीचे प्रवेश आणि पुरवणी परीक्षा लवकर उरकता याव्यात म्हणून ते पुढे ओढले गेले.

हे दिवस नेमके कशात जातात ते आकड्यांवरून कळते. २०२५ मध्ये सुमारे साडेपंधरा लाख नियमित विद्यार्थ्यांनी दहावीची परीक्षा दिली. तीन भाषांची प्रत्येकी एक, गणिताच्या दोन, विज्ञानाच्या दोन, इतिहास-राज्यशास्त्राची एक आणि भूगोलाची एक अशा साधारण नऊ उत्तरपत्रिका प्रत्येक विद्यार्थी लिहितो. गुणाकार सव्वा कोटीच्या पुढे जातो. यातली प्रत्येक उत्तरपत्रिका माणसाच्या हातून तपासली जाते, आणि तपासणारे शिक्षक याच काळात आपल्या शाळेतल्या इतर इयत्तांच्या परीक्षाही सांभाळत असतात.

पेपर संपल्यावर केंद्रावर उत्तरपत्रिका मोजून, गठ्ठे बांधून परिरक्षकाकडे जातात. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर बारकोड असतो, आणि विद्यार्थ्याने लिहिलेला बैठक क्रमांक होलोक्राफ्ट स्टिकरखाली झाकलेला असतो. परीक्षकाला तो दिसू नये हा त्यामागचा हेतू. पुण्याच्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला ती कोणाची, कोणत्या शाळेची हे कळत नाही, आणि गुण पुन्हा योग्य विद्यार्थ्याच्या नावावर जातात ते या बारकोडमुळे. स्टिकर नीट चिकटला नाही किंवा बारकोड फाटला तर ती एक उत्तरपत्रिका वेगळी काढून हाताने जुळवावी लागते. अशी प्रकरणे टक्केवारीत नगण्य असतात, पण सव्वा कोटीतला नगण्य अंशही मोठाच निघतो.

तपासणी लगेच सुरू होत नाही. आधी त्या विषयाचे मुख्य नियामक एकत्र बसून नमुना उत्तरे आणि गुणदानाचे सूत्र ठरवतात. एखाद्या प्रश्नात चूक असेल, दोन उत्तरे बरोबर ठरत असतील, तर त्याचा निर्णय याच टप्प्यावर होतो. ते सूत्र विभागांतील नियामकांकडे आणि त्यांच्यामार्फत परीक्षकांकडे जाते. परीक्षक आपल्या वाट्याचा गठ्ठा तपासतो, मग नियामक त्यातल्या काही उत्तरपत्रिका पुन्हा पाहतो आणि गुणदान सैल किंवा कडक झाले असेल तर दुरुस्त करायला लावतो. नियामकाच्या तपासणीनंतरच गुण यंत्राने वाचता येतील अशा तक्त्यांवर भरून विभागीय मंडळाकडे पोहोचतात. पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मुंबई, कोल्हापूर, अमरावती, नाशिक, लातूर आणि कोकण अशी नऊ विभागीय मंडळे आहेत, आणि राज्याचा निकाल या सगळ्यांचा एकदम लागतो. एका विभागात एका विषयाचे गठ्ठे अडकले तर उरलेले आठ विभाग थांबतात. म्हणून सरासरी परीक्षकाच्या वेगापेक्षा सर्वांत मागे राहिलेल्या गठ्ठ्याचा वेग निकालाची तारीख ठरवतो.

लेखी गुणांना शाळेकडून येणारे गुणही जोडावे लागतात. भाषांची तोंडी परीक्षा, विज्ञानाचे प्रात्यक्षिक, गणित आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत मूल्यमापन असे प्रत्येक विषयात २० गुण शाळेच्या हातात असतात. शिवाय चित्रकलेच्या शासकीय परीक्षा, क्रीडास्पर्धा यांचे वाढीव गुण असतात, त्यांचे प्रस्ताव ठरलेल्या मुदतीत यावे लागतात. लेखी गुण आले आहेत पण शाळेने तोंडी परीक्षेचे गुण पाठवलेच नाहीत, अशी उदाहरणे दर वर्षी असतात. त्या विद्यार्थ्याचा निकाल तेवढ्यापुरता राखून ठेवला जातो. निकालाच्या दिवशी पडद्यावर गुणांऐवजी निकाल राखीव असल्याचे दिसले तर पहिला फोन मंडळाला न करता शाळेच्या कार्यालयाला करावा, कारण बहुतेक वेळा अडलेला कागद तिथेच सापडतो.

काम तेच, पण उत्तरपत्रिका थोड्या असल्या की काय होते ते पुरवणी परीक्षेत दिसते. २०२५ ची दहावीची पुरवणी परीक्षा ८ जुलैला संपली आणि निकाल २९ जुलैला लागला. तीन आठवडे पुरले. नियामक, परीक्षक, विभागीय मंडळे यांची साखळी तीच होती, फक्त गठ्ठे फार कमी होते. मार्चच्या परीक्षेला लागणारे आठ आठवडे हा दिरंगाईचा पुरावा आहे असे म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. यात खरा प्रश्न परीक्षकांच्या संख्येचा आहे. २०२३ मध्ये कनिष्ठ महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी बारावीच्या उत्तरपत्रिका तपासण्यावर बहिष्कार टाकला होता आणि सुरुवातीचे मोलाचे दिवस त्यात गेले, त्याचे कारणही त्यांच्या प्रलंबित मागण्यांत होते.

विद्यापीठांची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने तिथे मुदत घालून दिली आहे. परीक्षेच्या शेवटच्या दिवसापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवस ओलांडायचे नाहीत. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हा ४५ दिवसांचा नियम आपल्यालाही लागू आहे असे वाटते. तसे नाही. तो विद्यापीठांसाठी आहे.

निकालाच्या दिवसाचे वेळापत्रक आता ठरून गेले आहे. सकाळी ११ च्या सुमाराला मंडळाचे अध्यक्ष पत्रकार परिषद घेतात आणि राज्याची, विभागांची, मुलामुलींची टक्केवारी सांगतात. २०२५ मध्ये दहावीची राज्याची टक्केवारी ९४.१० होती, ती अशीच सकाळी कळली. पण विद्यार्थ्याचे स्वतःचे गुण दुपारी १ वाजल्याशिवाय दिसत नाहीत. मधल्या दोन तासांत संकेतस्थळ उघडून ‘माझा क्रमांक सापडत नाही’ म्हणून घाबरणाऱ्यांची संख्या मोठी असते. क्रमांक सापडत नाही कारण निकाल अजून तिथे ठेवलेलाच नसतो.

१ वाजता निकाल एकाच ठिकाणी नव्हे, अनेक ठिकाणी उघडतो. मंडळाचे `mahahsscboard.in`, डिजीलॉकरचे `results.digilocker.gov.in` आणि एमकेसीएलचे `sscresult.mkcl.org` ही त्यांतली महत्त्वाची. कोणत्या वर्षी नेमके कोणते पत्ते चालू राहणार ते मंडळाच्या प्रकटनात छापलेले असते आणि तेवढेच वापरावेत. इतके पत्ते देण्यामागे अनुभव आहे. १६ जुलै २०२१ रोजी, करोनामुळे लेखी परीक्षा न होता मूल्यमापनावर आधारलेला दहावीचा निकाल लागला, तेव्हा संकेतस्थळे काही तास उघडलीच नाहीत. लाखो कुटुंबे एकाच मिनिटाला एकाच दारात उभी होती. त्यामुळे एक पत्ता अडला तर पुन्हा पुन्हा तोच ताजा करत बसण्यापेक्षा दुसरा उघडावा. सगळीकडे गुण तेच असतात.

पानावर दोनच गोष्टी विचारल्या जातात: बैठक क्रमांक आणि आईचे पहिले नाव. बैठक क्रमांक म्हणजे एक इंग्रजी अक्षर आणि त्यापुढे सहा आकडे, मध्ये जागा न सोडता. आईचे नाव अर्जात जसे लिहिले होते तसेच, इंग्रजीत. घरात ‘सुनंदा’ म्हणत असले तरी अर्जात ‘Sunanda’ आहे की ‘Sunandha’ यावर सगळे अवलंबून असते, आणि प्रवेशपत्रावर ते छापलेले असते. नाव टाकूनही माहिती मिळत नसेल तर आधी अक्षर आणि आकडे तपासावेत. O हे अक्षर आणि ० हा आकडा यांची गल्लत ही सर्वांत नेहमीची चूक आहे. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हे दोन्ही तपशील प्रवेशपत्रावर एकत्र असतात, म्हणजे प्रवेशपत्राचे छायाचित्र ज्याच्याकडे गेले त्याला निकाल पाहता येतो. परीक्षेच्या आधी उत्साहाने प्रवेशपत्र समाजमाध्यमांवर टाकणाऱ्या मुलांना हे कोणीतरी सांगायला हवे.

पडद्यावर आलेला निकाल छापून घेता येतो, पण ती मूळ गुणपत्रिका नव्हे. त्या पानाला मंडळाची सही नसते, ना कागदावरची ना संगणकीय. गुण कळण्यापुरते आणि पुढची तयारी सुरू करण्यापुरते ते पान कामाचे असते. दुसरी पायरी डिजीलॉकरमधली डिजिटल गुणपत्रिका. २०२५ मध्ये निकालाच्या वेळीच ती डिजीलॉकरमध्ये साठवून ठेवण्याची सोय मंडळाने दिली होती. तिसरी पायरी शाळेत मिळणारी छापील मूळ गुणपत्रिका, जी निकालानंतर साधारण दीडदोन आठवड्यांनी येते. तिघींवर गुण सारखे असले तरी त्यांचे वजन सारखे नाही, आणि प्रवेशाच्या रांगेत होणारे बरेच गोंधळ हा फरक न कळल्याने होतात.

डिजीलॉकर ही केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाची सेवा २०१५ पासून चालू आहे. तिथे कागदपत्रे दोन कप्प्यांत असतात आणि हा भेद फार महत्त्वाचा आहे. ‘Issued’ या कप्प्यात मंडळाने, परिवहन कार्यालयाने किंवा अन्य संस्थेने आपल्या नोंदीतून थेट पाठवलेली कागदपत्रे येतात. ‘Uploaded’ या कप्प्यात वापरणाऱ्याने स्वतः काढलेली छायाचित्रे किंवा स्कॅन राहतात. डिजिटल लॉकरच्या नियमांत ८ फेब्रुवारी २०१७ च्या दुरुस्तीने जो नियम ९अ आला, त्यानुसार पहिल्या कप्प्यातील कागदपत्र मूळ कागदपत्राच्या बरोबरीचे मानायचे आहे. दुसऱ्या कप्प्यातल्या स्कॅनला हा दर्जा नाही. ‘माझी गुणपत्रिका डिजीलॉकरमध्ये आहे’ एवढे सांगणे त्यामुळे अपुरे ठरते. ती कोणत्या कप्प्यात आहे ते पाहावे लागते.

गुणपत्रिका पहिल्या कप्प्यात आणण्यासाठी खाते उघडून, आधार जोडून, मंडळाचे नाव शोधावे लागते आणि परीक्षेचे वर्ष व बैठक क्रमांक भरावा लागतो. इथे मराठी मुलांची हमखास अडचण होते ती नावाची. मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव. आधारवर बहुधा स्वतःचे नाव आधी येते, कधी वडिलांचे नाव नसतेच, कधी स्पेलिंग वेगळे असते. दोन नोंदी जुळल्या नाहीत तर गुणपत्रिका येत नाही. यावर दुसरे खाते उघडून किंवा क्रमांक बदलून उपाय होत नाही. ज्या नोंदीत चूक आहे ती दुरुस्त करावी लागते. चूक आधारमध्ये असेल तर आधार केंद्रावर, मंडळाच्या नोंदीत असेल तर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे. हे काम परीक्षेचा अर्ज भरतानाच, म्हणजे निकालाच्या सहासात महिने आधी केले तर जूनमधली धावपळ वाचते.

डिजिटल गुणपत्रिका खरी आहे हे समोरच्याला कसे कळते, हा यातला सर्वांत कमी समजलेला भाग आहे. एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात ईमेलने आलेली एक पीडीएफ उदाहरणादाखल घेऊ. तिच्यावर मराठी ८४, हिंदी ७९, इंग्रजी ८१, गणित ९२, विज्ञान ८८, सामाजिक शास्त्रे ८६ असे गुण आहेत, आणि खाली ५०० पैकी ४४८, म्हणजे ८९.६० टक्के असे लिहिले आहे. कोपऱ्यात मंडळाचे चिन्ह आहे, क्यूआर कोड आहे, हिरवी खूणही दिसते आहे.

पहिली तपासणी कागद-पेन्सिलीने होते. दहावीची टक्केवारी सहापैकी सर्वांत जास्त गुणांच्या पाच विषयांवर काढतात. इथे सर्वांत कमी गुण हिंदीत, ७९. ते सोडून उरलेल्या पाचांची बेरीज ८४, ८१, ९२, ८८ आणि ८६ मिळून ४३१ होते, म्हणजे ८६.२० टक्के. कागदावर मात्र ४४८ आहेत. कला किंवा क्रीडेचे वाढीव गुण असते तर ते धरून पाहावे लागले असते, पण या पत्रिकेवर तशी नोंद नाही. मग १७ गुण आले कुठून? गणितात मुळात ६२ होते असे धरून पाहिले की कोडे सुटते. तेव्हा सर्वांत कमी गुण गणितातले असल्याने तोच विषय गळत होता आणि हिंदी धरून बेरीज ४१८ येत होती. कोणीतरी ६२ चे ९२ केले, ३० गुण वाढले म्हणून बेरीजही ३० ने वाढवून ४४८ केली. आता गळणारा विषय बदलला आहे, हे त्याच्या लक्षात आले नाही. बेस्ट ऑफ फाइव्हची ही बेरीज करायला अर्धे मिनिट लागते आणि कच्च्या बनावट पत्रिका बऱ्याचदा इथेच पकडल्या जातात.

पण बेरीज जुळली म्हणजे पत्रिका खरी ठरत नाही. सावध माणूस बेरीजही बरोबर करेल. दुसरी तपासणी संगणकीय सहीची. डिजीलॉकरमधून उतरवलेल्या पीडीएफवर डिजिटल स्वाक्षरी असते. संगणक त्या फाइलमधल्या प्रत्येक अक्षरावरून गणिताने एक छोटा ठसा काढतो आणि पाठवणारी संस्था आपल्या गुप्त किल्लीने तो ठसा कुलूपबंद करते. पुढे फाइलमधला एक आकडा बदलला तरी नवा ठसा जुन्याशी जुळत नाही. लाखेची मोहोर लावलेले पाकीट उघडले की मोहोर तुटलेली दिसते, तसा हा प्रकार आहे. ही तपासणी संगणकावर अ‍ॅक्रोबॅट रीडरसारख्या वाचकात होते. मोबाइलवरच्या साध्या पीडीएफ वाचकांत बहुधा ती होत नाही, तिथे फक्त चित्र दिसते. पानावर छापलेली हिरवी खूणसुद्धा चित्रच असू शकते. खरी तपासणी करायची तर सहीवर क्लिक करून तिची माहिती उघडावी लागते. आपल्या उदाहरणातली फाइल बदललेली असेल तर सही झाल्यानंतर कागदपत्रात बदल झाल्याचा इशारा तिथे येतो. आणि फाइल छापून, स्कॅन करून किंवा स्क्रीनशॉट काढून नव्याने बनवली असेल तर तिथे सहीच नसते, नुसते तिचे चित्र उरते. हे कळले की पुढचा प्रश्न विचारायचे कारणच उरत नाही.

खऱ्या गुणपत्रिकेवरही अ‍ॅक्रोबॅट कधी कधी पिवळे प्रश्नचिन्ह आणि `Validity Unknown` असे शब्द दाखवते. याचा अर्थ पत्रिका खोटी आहे असा होत नाही. सही ज्या प्रमाणपत्रावर उभी आहे त्याला तो संगणक ओळखत नाही, एवढाच अर्थ. भारतात अशा प्रमाणपत्रांची साखळी प्रमाणन प्राधिकरणांच्या नियंत्रकापर्यंत जाते, आणि तिच्या टोकाला `CCA India` असे नाव दिसते. कार्यालयात अनेक ठिकाणी ‘विश्वास ठेवा’ या बटणावर टिचकी मारून प्रश्नचिन्हाची हिरवी खूण करून घेण्याची सवय पडली आहे. ही सवय घातक आहे. कोणीही घरी बसून हव्या त्या नावाचे स्वतःचे प्रमाणपत्र बनवू शकतो, आणि त्यावर विश्वास ठेवला की तेही हिरवेच दिसते. म्हणून बटण दाबण्याआधी साखळी उघडून तिच्या टोकाला `CCA India` आहे का ते पाहावे. नसेल तर हिरव्या खुणेला काही अर्थ नाही.

तिसरी तपासणी क्यूआर कोडची. छापलेल्या कागदावर डिजिटल सही उरत नाही, तिथे हाच मार्ग आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्याने कोड वाचला की कधी माहिती दिसते, कधी एखादा पत्ता. खोटे कागद करणारे याच पत्त्यावर भर देतात, कारण कोड दिसायला खराच असतो आणि तो नेतो मात्र त्यांच्या स्वतःच्या पानावर, जिथे ९२ गुण सुबक अक्षरांत लिहिलेले असतात. म्हणून कोड डिजीलॉकरच्या अ‍ॅपमधल्या स्कॅनरने वाचावा, किंवा पत्ता उघडण्याआधी नीट बघावा. पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते महत्त्वाचे. `digilocker.gov.in/` असेल तर ठीक. `digilocker.gov.in.example.com/` असेल तर ते सरकारी पान नाही, सुरुवातीची अक्षरे कितीही ओळखीची वाटली तरी. आपल्या उदाहरणात मूळ पत्रिकेचा कोड तसाच ठेवून वरचे गुण बदललेले असतील तर स्कॅन केल्यावर मंडळाच्या नोंदीतले ६२ गुण समोर येतात आणि तिथेच निकाल लागतो.

सर्वांत निर्धोक मार्ग मात्र फाइल न स्वीकारणे हाच आहे. विद्यार्थी समोर असेल तर त्याने आपल्या मोबाइलवरून खाते उघडून पहिल्या कप्प्यातली पत्रिका दाखवावी. नाहीतर संस्थेने संमती घेऊन थेट नोंद मागवावी, अशी व्यवस्था डिजीलॉकरमध्ये आहे. त्यात फाइल विद्यार्थ्याच्या हातातून जातच नाही. जुन्या वर्षांच्या गुणपत्रिकांसाठी राज्याचे `boardmarksheet.maharashtra.gov.in` हे वेगळे संकेतस्थळही आहे. तिथे नोकरीच्या कागदपत्रांची तपासणी करणाऱ्याला बैठक क्रमांक, परीक्षेचे वर्ष व महिना आणि एकूण गुण भरून नोंद जुळते का ते पाहता येते. ज्यांची दहावी डिजीलॉकरच्या आधी झाली त्यांना याचा उपयोग होतो. जिथे संगणकातली नोंद सापडतच नाही तिथे विभागीय मंडळाकडे लेखी पडताळणीचा अर्ज हाच मार्ग उरतो आणि त्याला आठवडे लागू शकतात.

या सगळ्या तपासण्यांची एक मर्यादा आहे, आणि ती पुनर्मूल्यांकनात उघडी पडते. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून पंधरा दिवस गुणपडताळणी आणि उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज करता येतो. २०२५ मध्ये ही मुदत १४ ते २८ मे होती, गुणपडताळणीला प्रत्येक विषयाला ५० रुपये आणि छायाप्रतीला ४०० रुपये पडत होते. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि न तपासलेला प्रश्न बघतात, उत्तर पुन्हा वाचत नाहीत. ते हवे असेल तर आधी छायाप्रत घ्यावी लागते आणि ती मिळाल्यावर पाच कामकाजाच्या दिवसांत प्रत्येक विषयाला ३०० रुपये भरून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा लागतो. समजा त्यात विज्ञानाचे ८८ चे ९१ झाले. मे महिन्यात उतरवलेल्या पीडीएफवरची सही तरीही पूर्ण वैध दिसेल, कारण सही एवढेच सांगते की फाइल सही झाल्यापासून बदललेली नाही. मंडळाची नोंद नंतर बदलली आहे हे तिला कळत नाही. त्यामुळे गुण बदललेल्या विद्यार्थ्याने छापील जुनी पत्रिका शाळेत जमा करून नवी घ्यावी, आणि डिजीलॉकरमधली पत्रिका काढून नव्याने मागवावी. नावातली किंवा जन्मतारखेतली दुरुस्ती मंजूर झाली तरी हेच करावे लागते. तपासणाऱ्या कार्यालयाच्या दृष्टीने, हाती आलेली फाइल आणि त्या दिवशी नव्याने मागवलेली नोंद यांत फरक आला तर नोंद ग्राह्य धरायची असते, आणि फरक कशामुळे पडला हे विद्यार्थ्याला विचारून, पुनर्मूल्यांकनाचे पत्र पाहून मगच पुढचा निर्णय घ्यायचा असतो.